काट्याची आठ मोकळी मिनिटे

साखर कारखान्याच्या काट्यावर गाडीचे वजन होते ते काही सेकंदांत. बाकीचा वेळ भलत्याच कामात जातो. ट्रॅक्टर सावकाश प्लॅटफॉर्मवर चढवायचा, ट्रॉल्यांचे हेलकावे थांबेपर्यंत आकडा स्थिर होऊ द्यायचा, मग ड्रायव्हरने खिशातून चुरगळलेली स्लिप काढायची, काटा क्लार्कने शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, वाहतूकदाराचा कोड टाकायचा, पावती छापायची आणि गाडी खाली उतरवायची. या सगळ्याला दोन मिनिटे लागली तर कुणाला ती जास्त वाटणार नाहीत. पण हंगामात गेटबाहेर रस्त्याच्या कडेने लागलेल्या रांगेचे गणित याच दोन मिनिटांभोवती फिरते.

हिशोबासाठी एक कारखाना कल्पू. रोजचे गाळप ५,००० टन, एका गाडीत सरासरी १६ टन ऊस. म्हणजे दिवसाला सुमारे ३१२ गाड्या, तासाला १३. प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा येते, एकदा भरलेली आणि गव्हाणीत ऊस टाकल्यावर एकदा मोकळी, कारण दोन्ही वजनांतल्या फरकावरच शेतकऱ्याचे पैसे ठरतात. काटा एकच असेल तर तासाला २६ वजने झाली. दोन मिनिटांप्रमाणे काटा तासातली ५२ मिनिटे कामात आणि ८ मिनिटे मोकळा. कागदावर सगळे ठीक दिसते, उलट आठ मिनिटे शिल्लकच राहतात.

रांगांचे गणित १९०९ साली कोपनहेगनमध्ये एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने टेलिफोनच्या कॉलसाठी मांडायला सुरुवात केली. त्यातले सगळ्यात साधे सूत्र काट्याला लावून पाहू. कामातली मिनिटे भागिले मोकळी मिनिटे, गुणिले एका वजनाचा वेळ, म्हणजे सरासरी थांबा. ५२ भागिले ८, गुणिले २, उत्तर १३ मिनिटे. दोन मिनिटांच्या वजनासाठी तेरा मिनिटांची रांग, आणि तीही दोनदा.

आता क्लार्क नवा आहे, प्रिंटर अडतो आहे, म्हणून वजनाला १५ सेकंद जास्त लागू लागले. काटा साडेअठ्ठावन्न मिनिटे कामात, मोकळी मिनिटे दीड. थांबा होतो जवळजवळ ८८ मिनिटे! उलट वजनाचा वेळ दीड मिनिटावर आणला, तर मोकळी मिनिटे २१ होतात आणि थांबा तीन मिनिटांच्या आत येतो. वेळ चौथ्या भागाने घटला, रांग मात्र जवळपास पाचव्या हिश्शावर आली. दुसऱ्या काट्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे नेण्याआधी घड्याळ घेऊन काट्याशेजारी एक संध्याकाळ उभे राहावे, असे मला वाटते ते यासाठी. नोंदी आधीच्या खिडकीवर उरकल्या आणि काट्यावर फक्त टोकन नंबर टाकायचा ठेवला, तर हे अर्धे मिनिट सहसा तिथेच सापडते.

या सूत्रात दोन गोष्टी गृहीत आहेत. गाड्या कशाही, योगायोगाने येतात आणि वजनाचा वेळही बराच कमीजास्त होतो. प्रत्येक वजनाला नेमका सारखाच वेळ लागला तर थांबा निम्म्यावर येतो. म्हणून चाळीस-पन्नास गाड्यांच्या वेळा टिपताना फक्त सरासरी काढू नये. एखाद्या गाडीने सहा मिनिटे खाल्ली असतील तर ती का, हे लिहून ठेवावे. स्लिप हरवली होती, की दोन ट्रॉल्या एकदम मावत नाहीत म्हणून गाडी दोनदा चढवली? अशा मोजक्या गाड्या मागच्या सगळ्यांना अडकवतात.

पण खरी अडचण पुढेच आहे. तासाला १३ गाड्या ही चोवीस तासांची सरासरी, आणि ऊस काही सरासरीने येत नाही. तोड पहाटे सुरू होते, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दुपार होते, आणि सगळ्या टोळ्यांच्या गाड्या संध्याकाळी एकदम गेटवर येतात. समजा, दुपारी ४ ते रात्री १० या वेळात तासाला ३० गाड्या आल्या. त्यात १३ मोकळ्या गाड्या धरल्या तर तासाला ४३ वजने. दोन मिनिटांच्या काट्याची पूर्ण ताकदच ३०. इथे वरचे सूत्र लागूच पडत नाही, कारण मोकळी मिनिटे उरलेलीच नाहीत. आता साधी वजाबाकी करायची. दर तासाला १३ गाड्या मागे राहतात, सहा तासांत रस्त्यावर ७८.

काटा दीड मिनिटाचा केला तर त्याची ताकद ४० होते. रस्त्यावर फक्त १८ गाड्या उरतात. छान! मात्र कारखाना गाळतो तासाला १३ गाड्याच. सहा तासांत १८० आल्या, ७८ रिकाम्या झाल्या, राहिल्या १०२. आधी त्यातल्या ७८ रस्त्यावर आणि २४ अड्ड्यात होत्या, आता १८ रस्त्यावर आणि ८४ अड्ड्यात. दहा वाजता आलेल्या ड्रायव्हरपुढे दोन्ही वेळा शंभरावर गाड्या आहेत. १०२ भागिले १३, म्हणजे त्याला जवळपास आठ तास काढायचे आहेत. अड्ड्यातल्या गाड्या मोजून गाळपाच्या वेगाने भागणे, ही रात्रपाळीच्या कुठल्याही शेतकी कर्मचाऱ्याला जमेल अशी तपासणी आहे. उत्तर तासांत येत असेल तर काट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग काटा सुधारून फायदा काय? एक म्हणजे रस्ता मोकळा होतो. दुसरा फायदा पैशांचा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तोडलेला ऊस वाळतो. काट्याआधी वाळला तर घटलेले वजन शेतकऱ्याचे, टनावर मजुरी घेणाऱ्या ऊसतोड कामगाराचे आणि वाहतूकदाराचे. काट्यानंतर अड्ड्यात वाळला तर नुकसान कारखान्याचे, साखरेचा उतारा घटतो तोही त्याचाच. गाडी काट्याच्या कुठल्या बाजूला थांबते, यावर भुर्दंड कुणाचा ते ठरते.

मोकळ्या गाडीला मात्र आधी वाट द्यावी. भरलेली गाडी काट्यावरून सुटली तरी अड्ड्यात थांबणारच आहे, मोकळी सुटली की सरळ पुढच्या फडाकडे जाते. भरलेल्या गाडीचा वजनाआधीचा थांबा यामुळे थोडा वाढतो, म्हणून हा नियम दीड मिनिटाच्या काट्यावरच शोभतो. तिथे तासाला १३ मोकळ्या काढूनही २७ भरलेल्या गाड्यांना जागा राहते.

एकूण थांबा कमी करायचा तर गेटऐवजी फडात हात घालावा लागतो. संध्याकाळच्या त्याच १८० गाड्या दुपारी १ पासून तासाला २० अशा पसरल्या, तर रात्री १० वाजता १०२ ऐवजी ६३ गाड्या साचतात आणि शेवटच्या गाडीचा थांबा पाच तासांच्या आत येतो. त्यासाठी काही टोळ्यांनी आदल्या दुपारी तोडलेला ऊस सकाळी भरायचा. तो ऊस रात्रभर फडात शिळा होतो हे खरे, पण आज तो अड्ड्यात शिळा होतोच, वर गाडी आणि ड्रायव्हरही अडकवून ठेवतो.

थांबा शून्यावर आणता येणार नाही. रात्री हाताने तोड होत नाही आणि गाळप थांबत नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत पुरेल इतका ऊस अड्ड्यात उभा असावाच लागतो. प्रश्न एवढाच की तो ट्रॅक्टरसकट उभा असायला हवा, की ट्रॉल्या तिथे सोडून ट्रॅक्टर परत पाठवता येतील. जादा ट्रॉल्यांचा खर्च आणि आठ तास उभ्या ट्रॅक्टरचे भाडे, हे दोन आकडे प्रत्येक कारखान्याने स्वतःचे मांडून पाहायचे आहेत.