बोगद्यात अडकलेली चाल

लेखांक ६

खेळाचा खरा पट फोनमध्ये न ठेवता सर्व्हरवर का ठेवायचा, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. फोन त्या पटाचं चित्र दाखवतो आणि खेळणाऱ्याला काय करायचंय ते सर्व्हरला कळवतो. या दोघांमधलं बोलणं मध्येच तुटलं तर काय करायचं, ते आज पाहू.

दोघांमधल्या ऑनलाइन लुडोचं उदाहरण घेऊ. एक मुलगी कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीत बसून खेळते आहे. बोरघाटात एकामागून एक बोगदे लागतात आणि प्रत्येक बोगद्यात रेंज जाते. तिची पाळी येते, ती फाशावर बोट ठेवते आणि त्याच क्षणी डबा अंधारात शिरतो. फासा गरगरत राहतो, आकडा काही दिसत नाही.

आता दोन शक्यता आहेत. ‘फासा टाक’ हा निरोप सर्व्हरपर्यंत पोचलाच नसेल. किंवा निरोप पोचला, सर्व्हरने फासा टाकला, सहा पडले, पण ते सांगणारं उत्तर वाटेत हरवलं असेल. फोनला या दोन्ही गोष्टी अगदी सारख्याच दिसतात. उत्तर आलं नाही, एवढंच त्याला कळतं. आपोआप पुन्हा प्रयत्न करण्यातली खरी अडचण इथे आहे. निरोप आंधळेपणाने पुन्हा धाडला, तर दुसऱ्या शक्यतेत फासा दोनदा पडेल. पुन्हा धाडलाच नाही, तर पहिल्या शक्यतेत तिची पाळी फुकट जाईल.

यावरचा उपाय साधा आहे. फोन प्रत्येक निरोपाला क्रमांक देतो. समजा, हा या डावातला ४१वा निरोप. संपर्क पुन्हा जुळला की फोन आधी आपली ओळख आणि टेबलाचं तिकीट दाखवतो आणि सांगतो, ‘माझ्याकडे ४०पर्यंतचं सगळं आहे.’ सर्व्हरकडे ४१वा निरोप आधीच आला असेल, तर तो नवा फासा टाकत नाही; पडलेले सहाच पुन्हा कळवतो. आला नसेल, तर फोन जपून ठेवलेला ४१वा निरोप त्याच क्रमांकाने धाडतो. मग तो एकदा धाडला काय किंवा पाच वेळा धाडला काय, फासा एकदाच पडतो. यातून लबाडीचा एक मार्गही बंद होतो. वाईट आकडा दिसताच एखाद्याने फोन फ्लाइट मोडवर टाकून पुन्हा खेळात शिरायचं ठरवलं, तरी ४१व्या क्रमांकापुढे लिहिलेला आकडा बदलत नाही.

पण संपर्क तुटला आहे, हे फोनला कळतं कसं? फार उशिरा कळतं. इंटरनेटवरच्या टीसीपी जोडणीत पोच मिळाली नाही की फोन तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत हार मानायला सुमारे १५ मिनिटं लागतात, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. तोवर डाव संपलेला असेल. म्हणून खेळ स्वतःच ठरावीक वेळाने ‘आहेस ना?’ असं सर्व्हरला विचारतो. आपल्या लुडोत दर पाच सेकंदांनी विचारायचं आणि सलग दोनदा उत्तर आलं नाही तर जोडणी मेली असं धरायचं. चाल धाडून तीन सेकंद उलटले आणि पोच आली नाही, तर संशय त्याआधीच घ्यायचा.

पुढचा प्रश्न, पुन्हा जोडायचा प्रयत्न किती वेळाने करायचा? पहिला प्रयत्न लगेच. तो फसला तर एक सेकंदाच्या आत कधीतरी, मग दोन, चार, आठ अशी कमाल मर्यादा दुप्पट करत जायची आणि ती १५ सेकंदांवर थांबवायची. ‘कधीतरी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. प्रत्येक फोनने त्या मर्यादेच्या आतला कोणताही एक क्षण चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा. कारण कधी कधी पडतो तो सर्व्हरच, आणि तो उठताच हजारो फोन नेमके चौथ्या, नेमके आठव्या सेकंदाला एकदम दारात आले तर तो पुन्हा कोसळतो. १९७०च्या दशकात इथरनेटच्या एकाच तारेवर अनेक संगणक एकाच वेळी बोलू लागले, तेव्हा टक्कर झाल्यावर अशीच स्वैर आणि वाढत जाणारी वाट पाहायची, हा तोडगा त्याच्या रचनेतच घातला गेला.

मात्र गाडी बोगद्याबाहेर आली असताना फोनने १५ सेकंद गप्प बसू नये. नेटवर्क परत आलं की अँड्रॉइड आणि आयओएस दोन्ही अॅपला कळवतात. ती सूचना मिळताच राहिलेली वाट सोडून लगेच प्रयत्न करायचा आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करायची. घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना हीच सूचना उपयोगी पडते. तेव्हा फोनचा पत्ताच बदलतो, त्यामुळे जुनी टीसीपी जोडणी वाचवता येत नाही, नवीच करावी लागते.

आता पडद्यावर काय दिसावं ते पाहू. दर लहानशा अडथळ्याला संदेश उडी मारून आला, तर खेळणारी माणसं वैतागतात. म्हणून पहिले दोन सेकंद काहीच सांगायचं नाही, फासा फिरत राहू द्यायचा. त्यानंतर वरच्या बाजूला एक बारीक पट्टी: ‘नेटवर्क कमजोर आहे. पुन्हा जोडत आहोत. तुमची चाल जपून ठेवली आहे.’ यातलं शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यांत मोलाचं आहे. त्या क्षणी तिला जोडणीची काळजी नसते, आपल्या चालीची असते. ते वाक्य नसलं की ती फाशावर दहा वेळा बोट दाबते, किंवा अॅप बंद करून पुन्हा उघडते आणि पुन्हा जोडणं आणखी लांबतं. पट झाकून मधोमध गोल फिरणारं चक्र दाखवणं मला चुकीचं वाटतं. पट दिसत राहावा, फक्त त्यावर बोट चालू नये.

दहा सेकंद झाले की वेळही सांगायची: ‘तुमची जागा आणखी ४० सेकंद राखून ठेवली आहे.’ समोरच्यालाही कळलं पाहिजे: ‘समोरच्या खेळाडूचं नेटवर्क गेलं आहे, ४० सेकंद वाट पाहू.’ नाहीतर त्याला वाटतं, ही मुद्दाम वेळ काढते आहे. खरं घड्याळ सर्व्हरकडे असतं आणि तुटलेल्या फोनला ते दिसत नाही. म्हणून फोनने सर्व्हरचा शेवटचा शब्द आला त्या क्षणापासून मोजावं आणि काही सेकंद हातचे राखावेत. पडद्यावर दहा सेकंद शिल्लक दिसत असताना डाव गेला, तर तो संदेश खोटा ठरतो.

पट्टीवर नेहमी ‘तुमचं इंटरनेट तपासा’ असंच लिहिणंही बरोबर नाही. नेट खरंच चालू आहे का, हे अँड्रॉइड स्वतः तपासतं आणि विचारलं तर अॅपला सांगतं. नेट ठीक असूनही सर्व्हर बोलत नसेल, तर ‘अडचण आमच्या बाजूला आहे’ असं लिहावं. सर्व्हरने ‘टेबल बंद झालं’ किंवा ‘अॅप जुनं आहे’ असं स्पष्ट उत्तर दिलं, तर प्रयत्न तिथेच थांबवावेत आणि तेच कारण दाखवावं. तिथे शंभर प्रयत्न केले तरी उत्तर तेच येणार.

हे सगळं तपासताना बहुतेक जण फ्लाइट मोड चालू-बंद करून पाहतात. त्यातून दुसरी शक्यता, म्हणजे चाल पोचली आणि उत्तर हरवलं ही, क्वचितच सापडते. बोट तेवढं अचूक पडत नाही. त्यासाठी सर्व्हरमध्येच चाचणीपुरती सोय करायची: फासा टाक, आकडा नोंदव आणि उत्तर न देता जोडणी तोड. मग फोन परत येईल तेव्हा नोंदवहीत ४१व्या क्रमांकापुढे एकच आकडा आहे का आणि पडद्यावर तोच दिसतो का, ते पाहायचं.

४० सेकंद संपूनही ती परतली नाही, तर तिच्या वतीने चाल कोणी आणि कशी करायची, हे पुढच्या लेखांकात.