पसायदान कुठल्या खणात ठेवायचं? भक्तिगीतांच्या संग्रहाची सूची

लोकसंगीत, संतसाहित्य किंवा सण-उत्सवांवर संशोधन करायला निघालेल्या बहुतेकांकडे काम सुरू होण्याआधीच एक संग्रह असतो. घरातल्या जुन्या कॅसेटी, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली भजनं, गावच्या सप्ताहात मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग. ही सगळी सामग्री संशोधनात वापरायची, तर हवं ते मिनिटभरात सापडायला हवं. 'आषाढी एकादशीला गायलेले, तुकारामांचे, बाईच्या आवाजातले अभंग काढ' असं गाइडनं म्हटल्यावर दोन दिवस ऐकत बसायची वेळ येऊ नये.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो फोल्डरचा. 'वारकरी' नावाचं एक फोल्डर, त्यात 'एकादशी', त्यात 'मराठी', त्यात गायकाचं नाव. पन्नास फायलींपर्यंत हे चालतं. मग पसायदान येतं आणि सगळं अडतं.

का अडतं ते नीट बघू, कारण पुढची सगळी रचना त्यावरच उभी आहे. पसायदान म्हणजे ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या नऊ ओव्या. परंपरा वारकरी, भाषा मराठी, इथवर वाद नाही. पण प्रसंग कुठला लिहायचा? ते कीर्तनाच्या शेवटी म्हणतात, हरिपाठानंतर म्हणतात, शाळेत प्रार्थना म्हणूनही म्हणतात. आणि गायक? लता मंगेशकरांनी हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात गायलेलं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे असेल आणि तुमच्या गावच्या भजनी मंडळाचंही असेल. फोल्डरमध्ये एका फायलीला एकच जागा मिळते. इथे मात्र एकाच रचनेला चार जागा हव्या आहेत.

ग्रंथालयशास्त्रात या अडचणीवर दोन जुनी उत्तरं आहेत आणि आपल्याला दोन्ही लागतात. पहिलं एस. आर. रंगनाथन यांचं. १९३३ साली आलेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणाच्या मुळाशी असा विचार आहे, की विषयाला एका उतरंडीत कोंबू नका, त्याचे स्वतंत्र पैलू पाडा आणि गरजेप्रमाणे जोडा. परंपरा, प्रसंग, भाषा, गायक हे आपले चार पैलू. म्हणजे फोल्डरांऐवजी तक्ता, आणि प्रत्येक पैलूला त्याचा स्वतःचा रकाना. दुसरं उत्तर १९९८ च्या एफआरबीआर या आंतरराष्ट्रीय प्रारूपातलं. मूळ कृती वेगळी आणि तिचं एखादं सादरीकरण वेगळं, दोघांची नोंद एकाच ओळीत करायची नाही, असं ते सांगतं. (मूळ प्रारूपात चार पातळ्या आहेत. घरगुती संग्रहाला दोन पुरतात.)

तर तक्ते दोन करायचे: एक रचनांचा, एक ध्वनिमुद्रणांचा. मग प्रत्येक माहितीला एकच प्रश्न विचारायचा: गाणारा बदलला तरी ही गोष्ट खरी राहते का? राहत असेल तर ती रचनेच्या तक्त्यात, नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या. पसायदान कुणीही गायलं तरी ते ज्ञानेश्वरांचं आणि मराठीच. पण गावच्या मंडळानं ते एकादशीच्या भजनाचा समारोप म्हणून गायलं, ही त्या एका रात्रीची गोष्ट आहे.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. समजा तुमच्याकडे एक सी-९० कॅसेट आहे, तिच्या 'ए' बाजूवर एकादशीचं भजन आहे आणि शेवटी पसायदान आहे. शिवाय लताबाईंचं ध्वनिमुद्रण वेगळ्या फायलीत आहे, आणि गणेशोत्सवात मोबाइलवर घेतलेली एक आरती आहे.

```
# rachana.csv: id, नाव, रचनाकार, परंपरा, भाषा
R001,पसायदान,ज्ञानेश्वर,वारकरी,mr
R002,गणपतीची आरती,रामदास,समर्थ,mr

# mudran.csv: id, रचना, फाइल, सुरू, शेवट, गायक, प्रसंग
D031,R001,T07A,41:20,44:05,G12,आषाढ शुद्ध ११
D058,R001,F003,00:00,,G01,
D064,R002,F019,00:10,03:30,G12,भाद्रपद शुद्ध ४
```

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. कॅसेटची बाजू ४५ मिनिटांची एकच फाइल आहे, तिचे तुकडे केलेले नाहीत. गाणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं एवढंच लिहिलं आहे. भजनात एक अभंग संपून दुसरा उचलला जातो तेव्हा मधला गजर नेमका कुणाचा, हे ठरवता येत नाही. आज कापलेली फाइल उद्या जोडता येत नाही, वेळ मात्र केव्हाही बदलता येते. दुसरं म्हणजे लताबाईंच्या ध्वनिमुद्रणाला प्रसंगाचा रकाना रिकामा आहे. स्टुडिओतल्या गाण्याला प्रसंग नसतो. 'हे एकादशीला लावायला बरं' हा तुमचा विचार आहे, त्यासाठी 'उपयोग' असा वेगळा रकाना ठेवा. दोन्ही एकत्र केलं, तर एकादशीला खरोखर काय गायलं जातं, हा संशोधनाचा प्रश्न या तक्त्याला विचारताच येणार नाही.

प्रसंगाच्या रकान्यात तिथी लिहायची, इंग्रजी तारखेसाठी शेजारी वेगळा रकाना. आषाढी एकादशी कधी जूनच्या शेवटी येते, कधी जुलैत. नुसत्या तारखेवरून पाच वर्षांच्या एकादश्या एकत्र काढता येणार नाहीत. काकडआरती, हरिपाठ, शेजारती ही दिवसातली वेळ झाली, तिचा तिथीशी संबंध नाही. म्हणून तिलाही स्वतःचा रकाना.

आता परंपरा. हा रकाना सोपा वाटतो आणि सर्वात जास्त इथेच गोंधळ होतो. वरची गणपतीची आरती समर्थ रामदासांची, म्हणून तक्त्यात 'समर्थ' लिहिलं. पण ती गाणाऱ्या घरांपैकी किती समर्थ संप्रदायातली असतात? या रकान्यात रचनाकाराची परंपरा लिहायची, गाणाऱ्यांची नाही, असं एकदा ठरवा आणि तक्त्याच्या वरच लिहून ठेवा. गाणाऱ्यांची परंपरा कळली तर ती ध्वनिमुद्रणाकडे जाते.

रचनाकार मुद्रेवरून ठरवाल तेव्हा जरा जपून. 'एका जनार्दनी' ही मुद्रा एकनाथांची. त्यातले जनार्दन म्हणजे त्यांचे गुरू, दुसरे कवी नव्हेत. 'पुरंदर विठ्ठल' ऐकलं की काही जण विठ्ठलाचं नाव आलं म्हणून वारकरी लिहून मोकळे होतात. ती पुरंदरदासांची मुद्रा आहे, परंपरा हरिदासांची आणि भाषा कन्नड. 'नामा' तर आणखी अवघड, कारण हे नाव वापरणारे कवी एकाहून जास्त आहेत. म्हणून मी 'मुद्रा' आणि 'रचनाकार' हे रकाने वेगळे ठेवते. मुद्रेत कानाला ऐकू आलं तेच लिहायचं. रचनाकार हा तुमचा निष्कर्ष, तो गाथेत पडताळल्यावरच भरायचा, आणि गाथेची कुठली आवृत्ती तेही नोंदवायचं. अभंगांचे क्रमांक आवृत्तीप्रमाणे बदलतात. शिवाय गायक कधी धृपदापासूनच उचलतात. ऐकू येणारी पहिली ओळ आणि छापील पहिली ओळ, दोन्ही लिहिल्या तर शोध कुठूनही लागतो.

भाषेचा नियम एका वाक्यात: शब्दांची भाषा लिहा, संतांची किंवा गायकाची नाही. नामदेव मराठी, पण गुरु ग्रंथ साहिबमधली त्यांची साठेक पदं मराठी नाहीत. भीमसेन जोशींनी अभंग गायले तशी कन्नड दासपदंही गायली. गोव्यात घरात कोंकणी बोलणारे लोक देवळात मराठी भजन करतात, तिथे भाषा मराठीच लिहायची. भाषेसाठी `mr`, `hi`, `kn` असे ठरलेले संकेत वापरा, म्हणजे 'हिंदी', 'हिन्दी' आणि 'ब्रज/हिंदी' असे तीन प्रकार होणार नाहीत.

हीच शिस्त गायकांना हवी. 'पं. भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी' आणि 'जोशी, भीमसेन' ही संगणकाला तीन माणसं वाटतात. म्हणून गायकांची वेगळी यादी करून प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि तक्त्यात क्रमांकच लिहायचा. मंडळ असेल तर मंडळालाच क्रमांक. आवाज ओळखता आला नाही तर नुसतं 'अज्ञात' लिहू नका, 'अनोळखी बाई १', 'अनोळखी बाई २' असं लिहून क्रमांक द्या. सहा महिन्यांनी गावातल्या एखाद्या काकूंनी तो आवाज ओळखला, की यादीत एका ठिकाणी नाव बदलायचं, त्या आवाजाची सगळी गाणी आपोआप दुरुस्त होतात. सगळ्यांना 'अज्ञात' म्हटलं असेल तर हे जमत नाही.

देवनागरीची एक छुपी अडचण सांगते. 'वारकऱ्यांचा' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या `ऱ` पासून, एकदा साध्या `र`, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हापासून. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एक सापडतो, दुसरा नाही. समोर दिसत असलेला शब्द शोध देत नसेल तर पहिला संशय यावर घ्या आणि एका तऱ्हेच्या जागी दुसरी सगळीकडे बदलून टाका. फायलींच्या नावात तर देवनागरी टाळाच, `T07A` पुरे. बाकी सगळं तक्ता सांगतो.

पन्नास ध्वनिमुद्रणं भरून झाली की थांबा आणि परीक्षा घ्या. त्यातली वीस एखाद्या मैत्रिणीला द्या, तुमच्या नोंदी न दाखवता तिला परंपरा आणि प्रसंग भरू द्या. जिथे दोघींचं उत्तर वेगळं येईल तिथे दोष बहुधा रकान्याच्या व्याख्येचा असतो. व्याख्या बदला, ती वीस पुन्हा भरा, मगच पुढच्या कॅसेटींना हात लावा. दुसरी खूण 'इतर'ची. एखाद्या रकान्यात 'इतर' वाढत चाललं असेल तर त्यात एखादा खरा गट दडलेला असतो. सूफी कलाम, ख्रिस्ती भक्तिगीतं, देवीचे गोंधळ हे सगळं तिथे साचतं, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव द्यावं लागतं. गोंधळाला तर प्रसंगाचा रकानाही वेगळा विचार करून भरावा लागतो, कारण लग्नानंतर घरी घातलेल्या गोंधळाला ठरलेली तिथी नसते, तिथे 'लग्न' एवढंच लिहायचं.