वजन जास्त, म्हणून औषधही जास्त?

मागच्या बोलण्यात आपण तापाच्या औषधाचा, म्हणजे पॅरासिटामॉलचा डोस वजनावरून कसा काढायचा ते पाहिले. मुलाचे वजन जितके किलो, त्याला १० ते १५ ने गुणायचे, की एका वेळचे मिलिग्रॅम मिळतात. १२ किलोच्या मुलाला १८० पर्यंत, २० किलोच्या मुलीला ३०० पर्यंत. त्यानंतर एका श्रोत्या आईने विचारले, "ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, पण वजन बासष्ट किलो. गुणाकार केला तर ९३० येतात. मग पाचशेच्या दोन गोळ्या द्यायच्या का?"

नाही द्यायच्या. त्यांचा गुणाकार बरोबर होता, पण तो हिशोब अशा मुलासाठी नाही.

आधी मोठ्या माणसाचे बघा. घरातला ८५ किलोचा बाप ताप आला की काय घेतो? पाचशेची नाहीतर साडेसहाशेची एक गोळी. १५ ने गुणले तर त्याचे १२७५ मिलिग्रॅम होतात, पण एवढे त्याला कोणीही देत नाही. मोठ्या माणसाला एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम ही शेवटची हद्द आहे. वजन ७० असो की ११०, हद्द तीच. आता जे बापाला चालत नाही ते मुलाला कसे चालेल? म्हणून वजनावरून काढलेला आकडा मोठ्यांच्या हद्दीबाहेर गेला, की गुणाकार सोडून द्यायचा आणि हद्दीपाशी थांबायचे. पॅरासिटामॉलमध्ये ही वेळ साधारण ६७ किलोला येते, कारण ६७ गुणिले १५ म्हणजे १००५.

आता उंच मुलाचे उदाहरण घेऊ. चौदा वर्षांचा, पावणेसहा फुटांच्या पुढे गेलेला, अंगाने सडपातळ, वजन ७० किलो. गुणाकार १०५०. हा हद्दीबाहेर गेला, म्हणून १००० ला कापायचा. पण हद्द म्हणजे रोजचा डोस नव्हे. दहाने गुणले तर ७०० येतात, म्हणून अशा मुलाला साडेसहाशेची एक गोळी साध्या तापाला पुरते. चोवीस तासांचा हिशोबही असाच कापला जातो. मुलांना किलोमागे दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत चालते. ७० किलोला ४२०० होतात, पण ४००० च्या पुढे जायचेच नाही. साडेसहाशेच्या चार गोळ्या म्हणजे २६००. त्यात तो सुरक्षित राहतो.

त्या ताईंच्या मुलाचे मात्र वेगळे आहे, आणि खरी मेख इथेच आहे. त्याचे ९३० हजाराच्या आत आहेत. म्हणजे हजाराची हद्द त्याला अडवतच नाही! आकडा हद्दीच्या आत आला म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि डोस तरीही जास्त जातो.

असे का होते? हे औषध चरबीत फारसे जात नाही, ते पाण्याच्या भागात पसरते. त्याचा निचरा करायचे काम यकृताचे, आणि अंगावर पंचवीस किलो चरबी चढली म्हणून यकृत त्या प्रमाणात मोठे होत नाही. वजनाचा गुणाकार असे धरून चालतो की वजन वाढले म्हणजे यकृतासकट सगळेच वाढले. लहान बाळाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरे असते. जाड मुलाच्या बाबतीत नसते.

म्हणून अशा मुलाच्या डोससाठी काट्यावरचे वजन न घेता त्याच्या उंचीला शोभणारे वजन घेतात. या मुलाची उंची १४० सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या मध्यम बांध्याच्या मुलाचे वजन साधारण ३४ किलो असते. ३४ गुणिले १५ म्हणजे ५१०. झाले, पाचशेची एक गोळी. दिवसाचे ३४ गुणिले ६० म्हणजे २०४०, म्हणजे चार गोळ्या, आणि दोन गोळ्यांमध्ये निदान चार तास, सहा असतील तर उत्तम. गोळी गिळत नसेल तर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेले सिरप १० मिली मोजून द्या. बाटलीवरचा २५० चा आकडा वाचल्याशिवाय मात्र नको, कारण १२५ ची बाटलीही तशीच दिसते. साडेसहाशेची गोळी याला नको. चार दिल्या तर २६०० होतात, आणि ते २०४० च्या बरेच पुढे आहे. उंचीला शोभणारे वजन घरी नेमके काढता येत नसेल, तर आरोग्य केंद्रात मुलाची उंची आणि वजन दोन्ही मोजून घ्या आणि डोस कागदावर लिहून मागा. ताप यायच्या आधीच हे करून ठेवलेले बरे, रात्री दोनला कोण गुणाकार करणार?

काही जणी विचारतील, आयबुप्रोफेनचे काय? त्याची हद्द तर आणखी लवकर येते. किलोमागे १० मिलिग्रॅम, आणि एका वेळी ४०० च्या वर नाही. म्हणजे ४० किलोलाच थांबायचे, आणि सातवी-आठवीतली कितीतरी मुले ४० च्या पुढे असतात. शिवाय डेंग्यूची शंका असेल तेव्हा आयबुप्रोफेन देऊच नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात ताप आला तर हे आधी आठवा.

एका वेळचा डोस बरोबर असूनही दिवसाची हद्द ओलांडली जाते, ती लपलेल्या औषधामुळे. सर्दीच्या गोळीत, दातदुखीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, नाव वेगळे असते इतकेच. दवाखान्यात तापाचे इंजेक्शन दिले असेल तर तेही पॅरासिटामॉलचे असू शकते, विचारून घ्या. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, चष्मा लावून वाचा. सकाळी आजीने दिलेली गोळी आणि शाळेतून आल्यावर आईने दिलेली गोळी, दोन्ही एकाच कागदावर वेळेसकट लिहा. दोन-तीन दिवस मूल नीट जेवलेले नसेल, उलट्या होत असतील, तर यकृताची ताकद कमी झालेली असते. तेव्हा पूर्ण हद्दीपर्यंत जाऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि चुकून जास्त गेलेच तर? पहिल्या दिवशी मूल अगदी बरे दिसते, फार तर मळमळ, भूक नाही, एखादी उलटी. आपण म्हणतो, तापानेच झाले असेल. उजव्या बरगडीखाली दुखायला लागते ते साधारण दुसऱ्या दिवशी, आणि डोळे पिवळे दिसतात ते त्याहून उशिरा. तोवर यकृताला इजा झालेली असते. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा, आणि तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर फार चांगले काम करतो. म्हणून लक्षणांची वाट बघू नका. घरी उलटी करवू नका. रिकामी पाकिटे, बाटली आणि वेळा लिहिलेला तो कागद पिशवीत टाका आणि मुलाला घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात जा. तिथे औषधाचे नाव, एकूण मिलिग्रॅम आणि पहिली गोळी किती वाजता दिली ते सांगा.