तापानंतरचे चोवीस किलोमीटर

आठवड्याला २४ किलोमीटर धावणाऱ्याला ताप येतो. मागचे चार आठवडे असे जातात: २४, २४, ०, १२. सरासरी १५. बरं वाटताच तो पुन्हा २४ धावतो. आकडा नेहमीचाच, पण २४ भागिले १५ म्हणजे १.६. चालू आठवड्याच्या भाराचं महिन्याच्या सरासरीशी हे गुणोत्तर साधारण १.३ पर्यंत ठेवावं, असं ऑस्ट्रेलियन क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट सुचवतात. म्हणून १८ पुरेत, तेही तीन-चार दिवसांत विभागून. दम लवकर परततो. हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. हे आकडे मुख्यतः सांघिक खेळांतून आले, त्यामुळे ती काटेकोर सीमा नव्हे. नडगीवर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर गुणोत्तर कितीही असो, धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं.