बिअरमध्ये उरलेलं ग्लूटेन

यीस्ट जवाच्या माल्टमधली साखर खातं. होर्डीन हे जवातलं ग्लूटेन त्याच्या खिजगणतीतही नसतं. बरंचसं चोथ्यात नि गाळात जातं, उरलेलं तुकड्यातुकड्यांनी ग्लासात उतरतं. काही कारखाने एन्झाइम घालून हे तुकडे आणखी बारीक करतात. खरी पंचाईत मोजणीत आहे. सँडविच एलायझा चाचणीला प्रथिन दोन ठिकाणी पकडावं लागतं. आखूड तुकडा निसटतो, आकडा कमी येतो. युरोपात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असलेल्या जवाच्या बिअरवरही ‘ग्लूटेन-फ्री’ छापता येतं. अमेरिकेच्या एफडीएने मात्र 2020 मध्ये, आंबवण्याआधीचा मालच ग्लूटेनमुक्त हवा, असं ठरवलं. मला हेच पटतं. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने आधी धान्य वाचावं: ज्वारी किंवा तांदूळ चालेल, जव दिसला तर बाटली परत ठेवावी.