हदीसवरील शरह : एका वचनाचा उलगडा

अलेक्झांड्रियाचे व्याकरणकार बद्रुद्दीन दमामीनी १४२४ मध्ये गुलबर्ग्यास निवर्तले. बुखारीच्या हदीससंग्रहावर त्यांनी शरह, म्हणजे भाष्य, रचले होते. अशा भाष्यांची रीत त्या संग्रहातील पहिल्याच वचनावरून ध्यानी येते. कर्मे हेतूवर अवलंबून असतात, हा त्याचा आशय. भाष्यकार प्रथम पदे पाहतो : आरंभीचे ‘इन्नमा’ हे ‘केवळ’ अशी मर्यादा घालते, पण कर्मांचे नेमके काय, हे अध्याहृत आहे. तेथूनच विधीचा प्रश्न उद्भवतो. ‘वैधता’ असे पद घेणारे शाफिई संकल्पावाचून केलेला वुजू, म्हणजे नमाजापूर्वीचे अंगप्रक्षालन, अग्राह्य मानतात. ‘पुण्य’ घेणारे हनफी तो ग्राह्य धरतात. अखेर निवेदकांची परीक्षा : उमर, अल्कमा, मुहम्मद तैमी, यह्या असा विश्वसनीय मार्ग एकच, यह्यानंतर मात्र त्यास अनेक शाखा फुटतात. म्हणून पुढील प्रसिद्धीवरून वचनास आरंभापासूनच बहुमुखी समजू नये, असे भाष्यकार बजावतो.