उपशीर्षके, चित्रपटातील : वाचनवेग, ओळविभागणी व दर्शनकाल

चित्रपट किंवा दूरचित्रवाणी-कार्यक्रम यांतील संवादांचा जो मजकूर, बहुधा भाषांतरित व संक्षिप्त रूपात, चित्राच्या तळाशी दाखविला जातो, त्यास उपशीर्षक असे म्हणतात. मूकपटाच्या काळात संवाद स्वतंत्र पाटीवर लिहून दाखवीत. पाटी पडद्यावर असेपर्यंत कथेतील क्रिया थांबलेली असे, त्यामुळे प्रेक्षकाला वाचण्याखेरीज दुसरे काम नसे. उपशीर्षकाचे तसे नाही. ते वाचले जात असताना चित्र चालूच असते आणि संवादही चालूच असतो. पुस्तकाचा वाचक आपल्या गतीने वाचतो, अडल्यास मागे वळतो. उपशीर्षकाच्या वाचकाची गती मात्र पडद्यावरील पात्राच्या बोलण्याने ठरते. म्हणून किती मजकूर लिहावा, तो किती वेळ ठेवावा व त्याच्या ओळी कोठे तोडाव्यात, हे तीनही निर्णय परस्परांवर अवलंबून असतात.

पडद्यावर अक्षरे उमटताच डोळा त्यांकडे आपोआप वळतो. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस नेत्रहालचालींची मोजणी करून असे दाखविले की, संवादांची भाषा उत्तम समजत असलेले प्रेक्षकही उपशीर्षके वाचतात. म्हणजे उपशीर्षक वाचावे की नाही, हे बव्हंशी प्रेक्षकाच्या इच्छेवर राहत नाही. उपशीर्षकाने घेतलेला वेळ हा चित्र पाहण्याच्या वेळातून वजा होतो. वाचन संपल्यावर पात्राच्या मुद्रेकडे पाहण्यास काही क्षण उरले, तरच वाचन सुखाचे झाले असे म्हणता येते. मजकूर केवळ पुरा वाचून झाला, ही कसोटी अपुरी आहे.

वाचनवेग दर सेकंदास किती वर्ण, या मानाने मोजतात. या मोजणीत शब्दांमधील मोकळी जागा व विरामचिन्हेही धरली जातात. यूरोपीय दूरचित्रवाणीवर दीर्घकाळ ‘सहा सेकंदांचा नियम’ पाळला गेला. प्रत्येकी सु. ३६ वर्णांच्या दोन पूर्ण ओळी सहा सेकंद ठेवाव्यात, असा हा नियम होता; त्यानुसार वेग सेकंदास १२ वर्ण पडतो. ३५ मिमी. चित्रपट सेकंदास २४ चित्रचौकटींनी चालतो. म्हणजे एका वर्णास दोन चौकटी, असा सोपा हिशोब भाषांतरकारास मिळे. पुढे प्रेक्षकांना उपशीर्षकांची सवय झाली व ही मर्यादा वाढत गेली. आंतरजालावरून चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांच्या नियमावल्यांत प्रौढांसाठी सेकंदास १७ ते २० वर्ण व एका ओळीत ४२ वर्ण, या मर्यादा आता सर्रास आढळतात. शब्दांवर आधारलेले मापही वापरात आहे. बीबीसीच्या मार्गदर्शिकेत इंग्रजीसाठी मिनिटास १६० ते १८० शब्द, असा वेग सुचविला आहे. मराठीस मात्र हे माप लागू करता येत नाही, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात. इंग्रजीत तीन शब्दांनी सांगितलेली गोष्ट मराठीत पुष्कळदा एका लांब शब्दात मावते.

वर्णसंख्येचे मापही देवनागरीस जसेच्या तसे लावणे धोक्याचे असते. संगणक युनिकोड संकेतानुसार मोजणी करतो. त्यात व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर घडविणारे हलन्त चिन्ह, यांपैकी प्रत्येक जण स्वतंत्र वर्ण ठरतो. त्यामुळे ‘नगर’ या तीन अक्षरी शब्दाचे तीन वर्ण भरतात, तर ‘स्त्री’ या एकाच अक्षराचे सहा. वाचकाचा डोळा मात्र ‘स्त्री’ एका आकृतीत वाचतो. उलटपक्षी केवळ अक्षरे मोजणेही बरोबर नव्हे, कारण जोडाक्षर व मात्रा यांमुळे आकृती दाट होते आणि ती साध्या अक्षराइतकी झटकन वाचली जात नाही. साध्या बोलीतील मराठी वाक्यात, मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरूनही, संगणकाची वर्णसंख्या दिसणाऱ्या आकृत्यांच्या सु. १.७ पट भरते. म्हणून संगणकीय मोजणीने सेकंदास १७ वर्ण म्हणजे डोळ्यास दिसणाऱ्या सु. १० आकृत्या होत. मर्यादा ठरविताना आपली मोजणी कोणत्या पद्धतीची आहे, हे आधी निश्चित करावे लागते. सेकंदास १७ ही मर्यादा अक्षरे मोजून लावल्यास मजकूर वाचता येणार नाही इतका जलद होतो. तर १२ ही जुनी मर्यादा संगणकीय वर्णांस लावल्यास संवादाची विनाकारण काटछाट होते.

एका उदाहरणावरून ही रीत स्पष्ट होईल. परभाषेतील एका चित्रपटात एक स्त्री त्रासिक स्वरात चार सेकंद बोलते. त्यानंतर अर्धा सेकंद शांतता असून लगेच दुसरे पात्र बोलू लागते. तिच्या बोलण्याचे पूर्ण भाषांतर असे होईल : ‘मी तुला कालच सांगितलं होतं की तुझ्या वडिलांच्या घराची चावी माझ्याकडे नाही, ती शेजारच्या बाईंकडे ठेवली आहे.’ संगणकीय मोजणीने याचे १०६ वर्ण होतात. दोन ओळींत अधिकात अधिक ८४ वर्ण मावतात, म्हणजे हे वाक्य जागेतच बसत नाही. वेळेचा हिशोब पाहता, पुढील उपशीर्षकापूर्वी दोन चौकटींची रिकामी जागा सोडली, तर हाती सु. ४.४ सेकंद राहतात. तेव्हा वेग सेकंदास २४ वर्ण इतका पडतो. सेकंदास १७ वर्ण ही मर्यादा धरल्यास या अवधीत सु. ७५ वर्णच बसवता येतात.

आता काय गाळता येईल ते पाहावे लागते. घर कोणाचे हे आधीच्या संवादात येऊन गेले असल्यास ‘तुझ्या वडिलांच्या घराची’ हे शब्द सोडता येतात. चावी ‘ठेवली आहे’ ऐवजी नुसते ‘आहे’ पुरते. ‘मी तुला… सांगितलं होतं की’ या रचनेचे काम ‘सांगितलं ना’ हे बोलीतील दोन शब्द करतात आणि त्रासिक सूरही राखतात. उरलेला मजकूर असा : ‘सांगितलं ना, चावी माझ्याकडे नाही. शेजारच्या बाईंकडे आहे.’ याचे ५६ वर्ण भरतात. मर्यादेत अजून जागा असल्याने ‘कालच’ हा शब्द परत घेता येतो. स्त्रीच्या त्राग्याचे कारण त्याच शब्दात आहे. एकूण वर्ण ६१ होतात व वेग सेकंदास सु. १४ वर पडतो. संक्षेप करताना मर्यादेच्या फार खाली जाण्याचे कारण नसते. गाळलेले शब्द परत घेता येतात का, हे शेवटी पुन्हा पाहणे हाही या कामाचाच भाग आहे.

यानंतर ओळविभागणीचा प्रश्न येतो. वरील मजकूर पुढीलप्रमाणे दोन रीतींनी मांडता येईल.

पहिली रीत :
कालच सांगितलं ना, चावी माझ्याकडे
नाही. शेजारच्या बाईंकडे आहे.

दुसरी रीत :
कालच सांगितलं ना, चावी माझ्याकडे नाही.
शेजारच्या बाईंकडे आहे.

पहिल्या रीतीत ओळी ३२ व २८ वर्णांच्या, म्हणजे जवळजवळ समान आहेत. ओळी आपोआप तोडणारी साधने लांबीचा समतोल साधण्यासाठी हीच रीत निवडण्याचा संभव असतो. तथापि ती सदोष आहे. वरची ओळ संपताना वाचकाच्या मनात ‘चावी माझ्याकडे आहे’ असा नेमका उलटा अर्थ तयार होतो आणि खालच्या ओळीतील ‘नाही’ वाचल्यावर तो मोडून पुन्हा बांधावा लागतो. त्यात गेलेला वेळ वाचनवेगाच्या आकड्यात कोठेच दिसत नाही. मराठीत क्रियापद व नकार वाक्याच्या शेवटी येत असल्याने ही चूक मराठी उपशीर्षकांत सहज घडते. दुसऱ्या रीतीत ओळी ३८ व २२ वर्णांच्या, म्हणजे असमान असल्या, तरी प्रत्येक ओळ अर्थाने पूर्ण आहे. म्हणून ती ग्राह्य होय.

याच तत्त्वावरून इतर संकेत निघतात. ओळ वाक्याच्या वा उपवाक्याच्या अखेरीस तोडावी. ‘आणि’, ‘पण’, ‘की’, ‘म्हणून’ यांसारखी उभयान्वयी अव्यये खालच्या ओळीच्या आरंभी न्यावीत. विशेषण वा षष्ठीचे पद त्याच्या नामापासून (उदा., ‘शेजारच्या’ हे ‘बाईंकडे’ पासून), नाव आडनावापासून आणि मुख्य क्रियापद साहाय्यक क्रियापदापासून तोडू नये. मजकूर एका ओळीत मावत असल्यास दुसरी ओळ करूच नये. एक वाक्य लागोपाठच्या दोन उपशीर्षकांत विभागावे लागले, तर हे संकेत अधिकच काटेकोरपणे पाळावे लागतात, कारण दुसरा भाग येईपर्यंत पहिला पडद्यावरून गेलेला असतो.

दर्शनकालास किमान व कमाल अशा दोन्ही मर्यादा असतात. ‘हो’ किंवा ‘थांब’ एवढाच मजकूर असला, तरी डोळा चित्रावरून तळाशी येऊन परत जाण्यास वेळ लागतो. म्हणून उपशीर्षक निदान २० चौकटी, म्हणजे एका सेकंदाचे पाच-षष्ठांश ठेवतात. एक सेकंद अधिक सोयीचा. कमाल मर्यादा सहा ते सात सेकंदांची आहे. मजकूर वाचून झाल्यावरही अक्षरे तशीच राहिली, तर वाचक तीच ओळ पुन्हा वाचू लागतो. म्हणून थोडक्या मजकुराला अवास्तव वेळ देणे हाही दोषच मानला जातो. उपशीर्षक बोलण्याबरोबर उमटावे. ते आधी उमटल्यास पात्राचे उत्तर वा विनोदाचा शेवट अगोदरच फुटतो. दोन उपशीर्षकांमध्ये निदान दोन चौकटींची रिकामी जागा ठेवतात, त्यामुळे मजकूर बदलल्याचे डोळ्यास कळते. दृश्य बदलत असल्यास शक्यतो त्याच्या दोन चौकटी आधी उपशीर्षक काढून घेतात.

हे आकडे सर्व प्रेक्षकांस सारखेच लागू पडत नाहीत. मुलांसाठी व नव्याने साक्षर झालेल्यांसाठी वेग बराच कमी ठेवावा लागतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या उपक्रमात चित्रपटगीतांना त्याच भाषेतील उपशीर्षके देण्यात आली. गाण्यात शब्द संथ उच्चारले जातात, ध्रुपद पुनःपुन्हा येते आणि कानांनी ऐकलेला शब्दच डोळ्यांपुढे असतो. त्यामुळे जेमतेम वाचू शकणाऱ्यासही ओळीबरोबर राहता येते. संवादाच्या उपशीर्षकात यांपैकी एकही सोय नसते. तेथे एकाच दृश्यात नवे विशेषनाम, आकडा किंवा महत्त्वाची हालचाल येत असल्यास, वेग मर्यादेत असूनही मजकूर आणखी कमी करावा लागतो.

भाषांतरकारास स्वतःचा मजकूर पाठ असल्याने त्याला दिलेला वेळ नेहमीच पुरेसा वाटतो. म्हणून मूळ भाषा न जाणणाऱ्या व संहिता न वाचलेल्या व्यक्तीस चित्रपट न थांबवता दाखवून तपासणी करतात. ओळ अर्धवट राहिली किंवा प्रेक्षकास मागे जावेसे वाटले, तर दोष उघडच असतो. मजकूर पूर्ण वाचून झाला, पण बोलताना पात्र काय करीत होते हे सांगता आले नाही, तर उपशीर्षकाने चित्राचा वेळ खाल्ला असे समजावे व तेथील मजकूर पुन्हा संक्षिप्त करावा.